मुलांच्या बॅडमिंटन अकॅडमीचं नाव: पालकांना शिस्त दिसावी, मुलांना खेळ

सिंहगड रस्त्यावर दोन कोर्टचा हॉल भाड्याने घेतलेले एक कोच गेल्या वर्षी माझ्याकडे आले. हातात शाळेची दोनशे पानी वही, आणि तिच्या मधल्या पानावर उभी रेघ मारून दोन याद्या. डाव्या बाजूला त्यांनी लिहिलेली नावं होती. त्यांत एलिट, प्रो, चॅम्पियन्स, हाय परफॉर्मन्स असे शब्द होते. उजवी यादी त्यांच्या बायकोची, आणि तिच्यात लिटल, बडीज, फन, किड्स. दोघांनीही मुलांना शिकवलं होतं, दोघांनाही आपापलं म्हणणं पटलेलं होतं. कोच म्हणाले, "मॅडम, डावीकडचं नाव वाचून आई-वडील येतील आणि उजवीकडचं वाचून मुलं. पण बोर्ड एकच लावायचाय."

दुकानं, क्लास आणि छोट्या संस्थांना नावं सुचवण्याचं काम मी बरीच वर्षं करते. मुलांच्या खेळाच्या वर्गाचं नाव त्यातलं सर्वांत अवघड, कारण फी भरणारा वेगळा आणि रोज जाणारा वेगळा. त्या कोचबरोबर आम्ही तीन आठवडे जे केलं, ते मी इथे क्रमाने सांगते. नाव ठरल्यावर त्याचा उपयोग कुणाला नसेल, पण ठरायची रीत कुणाच्याही कामी येईल.

पहिल्यांदा नावाचे तीन तुकडे करा

एकाच शब्दाने शिस्तही सांगावी आणि मजाही, असा हट्ट धरला की नाव फसतं. 'शिस्त' आणि 'धमाल' यांची मोट बांधलेलं नाव कुणालाच खरं वाटत नाही. त्यापेक्षा नाव प्रत्यक्षात कसं वापरलं जातं ते बघावं.

संध्याकाळी साडेपाचला आठ वर्षांची मुलगी बूट घालत घरात ओरडते, तेव्हा ती अकॅडमीचं पूर्ण नाव घेत नाही. तिच्या तोंडी एकच शब्द असतो. तिचे वडील मात्र स्कूटर सिग्नलला थांबवून पाटी वाचतात, तेव्हा सगळे शब्द वाचतात. म्हणजे नावात तीन जागा आहेत. पहिली हाकेची, जो शब्द मुलं तोंडाने म्हणतील. दुसरी खेळाची, म्हणजे सरळ 'बॅडमिंटन'. तिसरी जागा ठिकाणाची, म्हणजे हे नेमकं काय आहे ते सांगणारा शब्द: अकॅडमी, क्लब, वर्ग, केंद्र, जे काय असेल ते. मुलांचं काम पहिल्या शब्दाने होतं. पालकांचं काम बरंचसं तिसऱ्या शब्दाने आणि त्याच्याखाली लिहिलेल्या एका ओळीने होतं.

एवढं कळलं की दोन याद्यांचं भांडण मिटतं. कोचना मी सांगितलं, उजवी यादी पहिल्या जागेसाठी आहे आणि डावी तिसऱ्या. मात्र दोन्ही याद्यांतले शब्द आपण टाकून देणार आहोत.

'किड्स' आणि 'चॅम्पियन्स' का नकोत

उजव्या यादीबद्दल माझा एक वाईट अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी मी एका वर्गाला 'किड्स' असलेलं नाव दिलं होतं. सहा-सात वर्षांची मुलं खूश, पालक खूश, टी-शर्टवर डोळे असलेलं शटल. दोन वर्षांनी तीच मुलं नऊ-दहाची झाली, मोठ्या बॅचमध्ये बारा-तेराची मुलं होती, आणि त्यांनी टी-शर्ट घालणं बंद केलं. स्पर्धेला साधा निळा टी-शर्ट घालून यायची. कोचला वाटलं मुलं आळशी आहेत. एका मुलाला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "समोरचा हसतो ना." चूक माझी होती. मुलाला आपण मोठे होतोय याची घाई असते, आणि बालिश नाव त्याला दर वर्षी मागे ओढतं. आपल्याकडे सहा ते चौदा वयाची मुलं असणार असतील तर नाव चौदा वर्षांच्या मुलाला पाठीवर छापून घ्यावंसं वाटलं पाहिजे. सहा वर्षांच्या मुलाला ते आपोआप आवडतं, कारण त्याला दादासारखं व्हायचं असतं.

डाव्या यादीचा दोष वेगळा. 'चॅम्पियन्स' हे निकालाचं वचन आहे. पालक ते वचन म्हणूनच वाचतात आणि आठव्या महिन्यात विचारायला येतात की अजून जिल्हा स्पर्धेत पहिली फेरी का पार होत नाही. 'एलिट' वाचून नवशिक्या मुलांचे पालक फोनच करत नाहीत, त्यांना वाटतं इथे निवड चाचणी असेल. आणि 'स्मॅश', जो शब्द जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत असतो, तो मुलांनाही फसवतो. कारण पहिले काही महिने कोणताही चांगला कोच स्मॅश शिकवत नाही. मूल स्मॅश मारायला येतं आणि त्याला हातात रॅकेट न देता पळायला लावतात.

शब्द कोर्टवरून उचला

दुसऱ्या आठवड्यात मी कोचना एक काम दिलं. नव्या मुलाच्या पहिल्या दोन महिन्यांत तुम्ही काय काय करून घेता ते तासभर बोला, आणि मी फक्त शब्द लिहून घेते. हे काम कुणीही स्वतःसाठी करू शकतो, फक्त समोर खेळ न कळणारा माणूस बसवावा म्हणजे तो प्रश्न विचारतो.

त्यांच्या बोलण्यात हातापेक्षा पाय जास्त आले. ग्रिप एका दिवसात दाखवून होते, ती पक्की व्हायला महिने लागतात. पण रोजचा वेळ जातो तो शॅडोमध्ये. शॅडो म्हणजे शटल नसताना, समोर कुणी आहे असं समजून कोर्टभर पावलं टाकायची. मधल्या जागेवरून सहा कोपरे: नेटजवळचे दोन, बाजूंचे दोन, मागचे दोन. प्रत्येक कोपऱ्याला जायचं आणि परत मध्ये यायचं. समोरच्याची रॅकेट शटलला लागते त्याच क्षणी आपण जागच्या जागी छोटी उडी घ्यायची, म्हणजे पाय कुठल्याही दिशेला निघायला तयार राहतात. हे अंगवळणी पडलं की मग मल्टीशटल, म्हणजे कोच एकामागून एक शटल टाकतो आणि मूल पळत राहतं.

इथे आमचा प्रश्न जवळजवळ सुटला होता. बॅडमिंटनची शिस्त पायांत आहे, आणि मुलाला या खेळात पहिल्या दिवसापासून जी मजा येते तीही पळण्यातच आहे. म्हणजे असा शब्द शोधायचा ज्यात पालकाला घोटवलेली पावलं दिसतील आणि मुलाला धावपळ. एकच गोष्ट, दोन बाजूंनी.

त्या तासातून आणि नंतरच्या गप्पांतून सात शब्द निघाले. ते का पडले हे सांगणं जास्त उपयोगाचं आहे, म्हणून प्रत्येकाचं सांगते.

'फूल' हा माझा लाडका. आपल्याकडे जुने खेळाडू शटलला फूलच म्हणतात, "फूल बदला" असं अजून ऐकू येतं. देवनागरीत सुंदर दिसतं. पण फोनमध्ये कुणी 'Phool' लिहितं, कुणी 'Fool', आणि दुसरं स्पेलिंग एकदा कुणाच्या डोळ्यांसमोर आलं की टी-शर्ट घातलेल्या मुलाची शाळेत सुटका नाही.

'चपळ' अर्थाने अगदी नेमका. पण ळ रोमन लिपीत टिकत नाही. 'Chapal' लिहिलं की अर्धं गाव 'चप्पल' वाचतं. हा धडा मोठा आहे. पुण्यात वाकड, खराडी, हिंजवडीकडे वर्ग काढायचा असेल तर पालकांत देशभरातले लोक असतात, आणि ळ किंवा शेवटी अनुस्वार असलेलं नाव त्यांच्या तोंडी दुसरंच होतं. कोथरूड-कर्वेनगरला हा धोका कमी, पण गूगल मॅप सगळ्यांचाच असतो.

'टोला' मुलांना आवडला. पण त्यावरून मोठ्यांना 'टोलवाटोलवी' आठवली, आणि तो शब्द आपण कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलेल्या माणसाबद्दल वापरतो. शिस्तीच्या अगदी उलट. शिवाय सिंहगड रस्त्यावरून पुढे गेलं की टोलनाका दूर नाही.

'एकवीस' बराच वेळ टिकला. गेम 21 गुणांचा, आणि 21 म्हटलं की आपल्याला मोदक आणि दूर्वा आठवतात. आजी-आजोबांना गणपती, मुलांना मोदक, कोचला गुण. पण एका आईने विचारलं, "एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे का?" आणि दुसरं कारण कोचनीच सांगितलं. 21 गुणांची पद्धत 2006 साली आली, त्याआधी गेम 15 चा असे, महिला एकेरीचा 11 चा. त्यानंतरही गुणपद्धत बदलण्याचे प्रस्ताव आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे आलेले आहेत. जो आकडा नियमाच्या हातात आहे त्यावर आपला बोर्ड रंगवू नये.

'सोळा पिसं' हे नाव कोचच्या बायकोने सुचवलं. पिसांच्या शटलला बुचात 16 पिसं असतात आणि त्यातलं एक मोडलं तरी शटल वाकडं उडतं. शिस्तीचं याहून चांगलं चित्र मला सापडलेलं नाही, वर 'सोळा आणे' या शब्दाची आठवण. पण एक बाबा ऐकताच म्हणाले, "म्हणजे सर पोरांची पिसं काढणार." मराठी माणसाच्या मनात तो वाक्प्रचार पहिल्यांदा येतो आणि तो ओरडा खाण्याचा आहे. रोमनमध्ये तर ते इटलीतल्या कलत्या मनोऱ्याच्या गावासारखं दिसत होतं.

'सहा कोपरे' तर थेट कोर्टवरचं. पण शाळेत कोपऱ्यात उभं राहणं ही शिक्षा असते हे आम्हाला एका सात वर्षांच्या मुलाने सांगितलं.

राहिला 'भिंगरी'. हा शब्द कोचच्या आईकडून आला. त्या हॉलच्या दारात बसून शॅडो बघत होत्या आणि एका मुलीकडे बघून म्हणाल्या, "हिच्या पायाला भिंगरी आहे रे." मुलांना भिंगरी म्हणजे गरगर फिरणारं खेळणं. मोठ्यांना तो वाक्प्रचार. त्यात एक काटा आहे, तो लपवायला नको. पायाला भिंगरी असलेला माणूस घरात ठरत नाही, उगाच गावभर हिंडतो, असाही अर्थ आहे. म्हणून हा शब्द एकटा पाटीवर नको. पण त्याच्या शेजारी घोटवून घेण्याचा अर्थ असलेला शब्द बसला तर वळवळणाऱ्या पायांना वळण लावणारी जागा, असा अर्थ जमतो. आणि घरात एका जागी न बसणारं मूल हेच तर पालकांचं या वर्गाला यायचं पहिलं कारण असतं.

चाचण्या, आणि त्या कशा घ्यायच्या

पहिली चाचणी विभक्तीची. मराठीत नाव एकटं राहत नाही, त्याला ला, त, चा, हून लागतात. "मी फुलाला चाललो" म्हटलं की फूलचं फुल होतं. "सोळा पिसांत", "सहा कोपऱ्यांना" म्हणताना नाव इतकं बदलतं की मूल ते टाळतं आणि "बॅडमिंटनला चाललो" म्हणायला लागतं. तसं झालं की नाव वाया गेलं. "भिंगरीला चाललो, भिंगरीत आज शॅडो होती, भिंगरीचा टी-शर्ट" हे तिन्ही म्हणून बघा. शब्द तसाच राहतो. ईकारान्त स्त्रीलिंगी नावांचा हा फायदा आहे. इंग्रजी शब्द निवडणार असाल तरी हेच करून बघा, 'स्मॅशर्सला' म्हणताना लहान मुलाची जीभ अडखळते.

दुसरी चाचणी फोनची. आम्ही दहा ओळखीच्यांना फोन केला, नाव एकदाच सांगितलं आणि म्हटलं की जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत टाइप करून पाठवा. 'भिंगरी'चं आठ जणांनी 'Bhingri' लिहिलं, दोघांनी 'Bhingari'. 'सोळा पिसं'ची सहा वेगवेगळी स्पेलिंग आली. दहात दोन-तीन चुकले तर चालतं. त्याहून जास्त चुकले तर पालक शोधतात एक आणि सापडतं दुसरंच. यात निम्मे लोक मराठी नसलेले घ्या.

तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच लोक चुकीची घेतात. "हे नाव आवडलं का?" असं विचारू नका. समोर बसलेला पुणेकर एकतर भिडेखातर हो म्हणेल किंवा अर्धा तास चुका काढेल, दोन्हींतून काही कळत नाही. पालकांना फक्त नाव दाखवून विचारा: इथे किती वयाची मुलं येत असतील? आठवड्यातून किती दिवस? कोच कसा असेल? उशीर झाला तर काय होत असेल? उत्तरं सांगतात की नावात शिस्त दिसते की नाही. 'एलिट'ला आठपैकी पाच पालकांनी "निवड होत असेल" असं सांगितलं. नुसत्या 'भिंगरी'ला तिघांनी पाळणाघर किंवा नृत्याचा वर्ग म्हटलं. त्यावरून कळलं की पहिला शब्द ठीक आहे, तिसरा शब्द भक्कम हवा.

मुलांना विचारताना आई-बाबांना खोलीबाहेर पाठवा, नाहीतर मूल आईच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं. सहा ते आठ वयाची आणि अकरा ते तेरा वयाची मुलं वेगवेगळी बसवा. आम्ही चार नावं चार कार्डांवर एकाच अक्षरात लिहिली आणि विचारलं, यातल्या कुठल्या ठिकाणी पहिल्या दिवशी जाशील? खरा निकाल मात्र त्या दिवशी लागत नाही. दोन दिवसांनी कार्डं न दाखवता पुन्हा विचारायचं, कुठली नावं आठवतात? अकरा मुलांपैकी नऊ जणांना 'भिंगरी' आठवलं. 'एकवीस' चौघांना. मोठ्या गटातल्या एका मुलीने तर नाव ऐकून जागेवरच गिरकी घेतली होती. तिला आम्ही पुन्हा विचारलं, हे नाव पाठीवर छापलं तर घालशील का? ती म्हणाली, "अक्षरं चांगली असली तर." म्हणजे नाव बालिश वाटत नव्हतं, चित्र बालिश काढलं तर वाटणार होतं. कार्टून नको हा निर्णय तिथेच झाला.

तिसरा शब्द

'अकॅडमी' हा शब्द आता इतका वापरून झालाय की तो वाचला जात नाही. पाटी रंगवणारे तो अकॅडमी, अकादमी, ॲकॅडमी असा तीन तऱ्हांनी लिहितात ते वेगळंच. 'क्लब' म्हटलं की पालकांना वाटतं कोर्ट भाड्याने मिळतं, शिकवत नाहीत. 'वर्ग' हा शब्द पुण्यात अजून विश्वासाचा आहे, पण मुलांना तो शाळेचा वाटतो.

मी 'तालीम' सुचवला, आणि कोच आधी गप्पच बसले. पुण्यात तालीम म्हणजे लाल माती, जोर-बैठका, पहाटे उठणं. मानाच्या तिसऱ्या गणपतीच्या नावातच गुरुजी तालीम आहे. आजोबांच्या पिढीला या शब्दात शिस्त शोधावी लागत नाही. मुलांसाठी मात्र तालीम म्हणजे स्नेहसंमेलनाची तालीम, म्हणजे तास बुडवून रंगमंचावर घातलेला गोंधळ. आणि हिंदी-उर्दू बोलणाऱ्या पालकांना 'तालीम' म्हणजे शिक्षण. तिघांना तीन अर्थ लागतात आणि एकही वाईट नाही. असं फार क्वचित होतं.

धोका एकच होता, कुस्तीची तालीम समजण्याचा. आम्ही पूर्ण नाव घेऊन आणखी आठ पालकांकडे गेलो. 'भिंगरी तालीम' वाचून तिघांनी कुस्ती म्हटलं. 'भिंगरी बॅडमिंटन तालीम' वाचून एकानेही म्हटलं नाही. मधला शब्द कधीच गाळायचा नाही, असं कोचनी वहीत लिहून घेतलं.

कुणाला तालीम जड वाटत असेल तर 'प्रशिक्षण वर्ग' घ्यावा आणि खाली एक ओळ लिहावी. त्या ओळीत विशेषणं नकोत. 'शिस्तबद्ध वातावरणात आनंददायी प्रशिक्षण' असं लिहिलेल्या पाटीवर कुणाचाही विश्वास बसत नाही. आमची ओळ अशी होती: 'वय 6 ते 14 · सोमवार ते शनिवार · एका कोर्टवर जास्तीत जास्त 8 मुलं'. पालक शिस्त अशा ठरलेल्या गोष्टींतून ओळखतात. आणि ओळ पाळता येत नसेल तर लिहू नका. दहा मुलं एका कोर्टवर उभी दिसली की दारात उभा पालक मोजतो.

कागदपत्रं: नाव आपलं होऊ शकतं का

इथे लोक शेवटी येतात. आमचं एक आवडतं नाव इथेच पडलं असतं, म्हणून बोर्ड रंगवायच्या आधी, निदान शेवटची दोन-तीन नावं उरल्यावर हे करा.

ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोध फुकट घेता येतो. खेळाचं प्रशिक्षण वर्ग 41 मध्ये येतं. नुसता शब्द जुळतो का एवढंच बघू नका, तिथे उच्चारावरून शोधायचीही सोय आहे, ती वापरा. कारण 'Bhingri' आणि 'Bhingari' कानाला एकच, आणि हरकत घेणारा कानाचंच बोलतो. नोंदणीचा अर्ज टीएम-ए फॉर्मवर होतो. एकट्या माणसाने ऑनलाइन भरला तर एका वर्गासाठी 4,500 रुपये शुल्क आहे. अर्ज स्वीकारला गेला की जर्नलमध्ये छापला जातो आणि चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते.

वर्णन करणारे शब्द आणि गावाची नावं एकट्याने नोंदवून मिळणं कठीण असतं. 'पुणे बॅडमिंटन' कुणाच्याही मालकीचं होऊ शकत नाही, आणि तसं असणंही योग्यच आहे. अनेकांना 'पूना' वापरायचा मोह होतो, कारण इंग्रजांच्या काळात हा खेळ पूना नावाने ओळखला जायचा आणि 1873 च्या सुमारास त्याचे सुरुवातीचे नियम इथेच तयार झाले असं मानलं जातं. अभिमानाची गोष्ट आहे, भिंतीवर जरूर लिहावी. पण नाव म्हणून तो शब्द मुलाला काहीच सांगत नाही.

खेळाडूंच्या नावाबद्दलही एक नियम आहे. हयात व्यक्तीचं किंवा गेल्या वीस वर्षांत निधन झालेल्या व्यक्तीचं नाव ट्रेडमार्कमध्ये असेल तर निबंधक तिची किंवा तिच्या वारसांची लेखी संमती मागू शकतात. नंदू नाटेकर, 1956 साली परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, 2021 मध्ये पुण्यात गेले. त्यांच्याबद्दल आदर म्हणून कुणी नाव ठेवायचं म्हणत असेल तर आधी कुटुंबीयांकडे जावं. कायदा बाजूला ठेवला तरी तेच बरं दिसतं.

पाटीचा नियम तर नावाच्या निवडीवरच परिणाम करतो. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 साली झालेल्या बदलानुसार नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत हवा, कामगार कितीही असोत, आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. म्हणजे तुमचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरात देवनागरीत दिसणार आहे. इंग्रजी नाव घेतलेले लोक हे विसरतात आणि मग 'हाय परफॉर्मन्स शटलर्स अकॅडमी' अशी आगगाडी पाटीवर मावत नाही. पहिल्या दिवसापासून नाव देवनागरीत लिहूनच विचार करा, लांबून वाचता येतं का ते रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघा.

गूगल मॅपवर नाव नोंदवताना पाटीवर आहे तेच लिहावं. 'बेस्ट बॅडमिंटन कोचिंग फॉर किड्स' असं शेपूट जोडणं त्यांच्या नियमांत बसत नाही, आणि कुणी तक्रार केली तर नाव बदलावं लागतं किंवा पान बंद पडतं. 'अकॅडमी' शोधणाऱ्यांसाठी खाली प्रकार निवडायची सोय असते, तिथे ते काम होतं.

उरलेली नावं फेकू नका

नाव ठरल्यावर कोचच्या बायकोला 'सोळा पिसं' गेल्याचं वाईट वाटत होतं. मलाही. मग लक्षात आलं की मुलांना मजा वाटावी अशी खरी जागा पाटीच्या आत आहे, बॅचच्या नावांत. बहुतेक ठिकाणी बिगिनर, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स अशा बॅच असतात आणि मूल वर्षभर स्वतःला बिगिनर म्हणवून घेतं.

आम्ही पहिल्या पायरीला 'सहा कोपरे' नाव दिलं. पाटीवर जो शब्द शिक्षेचा वाटत होता तो हॉलमध्ये, जमिनीवर सहा रंगीत टेप लावल्यावर, शर्यतीचा झाला. या बॅचमध्ये मुलं नायलॉनच्या शटलने खेळतात, कारण ते टिकतं आणि शिकताना पिसांचं शटल फोडणं परवडत नाही. ज्याची पावलं कोचच्या मनासारखी पडायला लागतात तो दुसऱ्या पायरीला जातो, आणि तिचं नाव 'सोळा पिसं', कारण तिथे पहिल्यांदा पिसांचं शटल हातात येतं. पालकांना फीच्या पावतीवर पायरी दिसते, ती कधी आणि कशावरून बदलते ते भिंतीवर लिहिलंय. मुलांना फक्त पिसं दिसतात.

परवा गेले तेव्हा एक मुलगा नव्या शटलची पिसं बोटाने मोजत होता. पंधरा झाली म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. कोच थांबले, त्याचं मोजून होऊ दिलं, आणि मग म्हणाले, "झाली सोळा? चल, मध्ये उभा रहा."